आपल्या पानावर परक्याचा हात

ॲमेझॉनवर एका वस्तूचं एकच पान असतं. तीच वस्तू दहा विक्रेते विकत असले, तरी सगळे त्याच पानाशी जोडलेले असतात. त्या पानाला ओळखक्रमांक असतो, तो म्हणजे एएसआयएन. पानावरचं शीर्षक, फोटो, वर्णन या गोष्टी अनेक विक्रेत्यांनी पाठवलेल्या माहितीतून निवडल्या जातात. त्यामुळे दुसऱ्याने पाठवलेला मजकूर आपल्या पानावर झळकू शकतो, आणि मूळ विक्रेत्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

समजा, कोल्हापूरचा एक मसालेवाला अर्ध्या किलोची दोन पाकिटं एकत्र विकतो. दुसरा विक्रेता त्याच पानावर एकच पाकीट विकायला येतो आणि शीर्षकातलं ‘2 पाकिटे’ उडवतो. आता गिऱ्हाइकाला दिसतं, ते एका पाकिटाला दुप्पट भाव! विक्री थंडावते, आणि मालक बाजार मंदावला म्हणून जाहिरातीवर खर्च वाढवतो.

हे पकडायला ठरावीक वेळी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट पुरते. लिनक्सच्या संगणकावर क्रॉनला दिलेली ही ओळ ती दर सहा तासांनी चालवते:

```
15 */6 * * * python3 /home/dukan/tapas.py
```

ॲमेझॉन विक्रेत्यांना `getCatalogItem` ही सोय देते. स्क्रिप्ट तिच्याकडून पानाची सध्याची माहिती मागवते आणि शीर्षक, ठळक मुद्दे, पाकिटांची संख्या व फोटो जपून ठेवलेल्या प्रतीशी ताडून पाहते. फरक असेल तर जुना व नवा मजकूर मालकाला ईमेलने जातो.

इथे एक घोटाळा हमखास होतो. पुष्कळजण आजचं पान कालच्या पानाशी ताडतात. मग बदलाचा इशारा एकदाच येतो. तो ईमेल नजरेतून सुटला की दुसऱ्या दिवशी चुकीचं शीर्षकच ‘कालचं’ ठरतं आणि स्क्रिप्ट गप्प बसते. म्हणून तुलना मालकाने स्वतः मंजूर केलेल्या मूळ प्रतीशीच हवी, आणि ती प्रत फक्त त्यानेच बदलावी.

दुसरा त्रास खोट्या इशाऱ्यांचा. विक्रीतला क्रमांक सतत हलतो, तो तुलनेत घेऊच नये. जादा मोकळ्या जागा आधी काढून टाकाव्यात. ॲमेझॉनकडून उत्तरच आलं नाही, तर ‘मजकूर गायब’ असं न समजता थोड्या वेळाने पुन्हा विचारावं. एवढं केलं नाही तर रोजच्या ईमेलच्या ढिगात खरा बदल हरवतो.

बदल कोणी केला, हे मात्र स्क्रिप्ट सांगत नाही. तो दुसऱ्या विक्रेत्याचा असेल किंवा ॲमेझॉनने स्वतःच्या नियमानुसार केलेला असेल. स्क्रिप्टला कळतं ते एवढंच, की पहाटे सव्वासहाला ‘2 पाकिटे’ होती आणि दुपारी सव्वाबाराला नव्हती. मालकाने आधी आपली माहिती पुन्हा पाठवून बघावी. ती टिकली नाही, तर या दोन प्रती आणि पाकिटाचे खरे फोटो जोडून तक्रार करावी. ब्रँड रजिस्ट्रीत नाव नोंदवलेलं असेल, तर ब्रँडमालकाच्या मजकुराला सहसा जास्त वजन मिळतं.