एकच संघ तीनदा मोजला जातो तेव्हा

अकरावीच्या पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनच्या सरावात पुढचा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच. ५ मुलगे आणि ४ मुली आहेत. त्यांतून चौघांचा संघ निवडायचा आहे, आणि संघात किमान २ मुली हव्यात. असे किती संघ होतील?

बहुतेक मुलं एकाच वाटेने जातात. किमान दोन मुली हव्यात ना, मग आधी त्या दोघींना घेऊन टाकू. ४ मुलींतून २ निवडण्याचे प्रकार ६. आता अट पूर्ण झाली, म्हणून उरलेल्या ७ जणांतून कोणतेही २ घ्यायला हरकत नाही. ते प्रकार २१. गुणाकार ६ × २१, म्हणजे १२६. वाट सरळ आहे, सूत्र बरोबर वापरलं आहे आणि आकडेमोडीतही चूक नाही. तरीही उत्तर चुकलेलं आहे.

ते चुकल्याचं इथे लगेच दिसतं. अट बाजूला ठेवून ९ जणांतून कोणतेही ४ निवडले, तर एकूण संघ होतात (९ × ८ × ७ × ६) ÷ २४, म्हणजे १२६च. आपलं उत्तरही १२६ आलं, म्हणजे प्रत्येक संघात दोन मुली असायलाच हव्यात! पण चारही मुलग्यांचा संघ तर सहज करता येतो. या प्रश्नातल्या आकड्यांमुळे चूक अशी उघडी पडली. आकडे वेगळे असते, तर चुकीचं उत्तर एकूण संघांपेक्षा कमी येऊन निमूट खपून गेलं असतं.

चूक नेमकी कुठे झाली ते नावं घेऊन पाहू. सई, मीरा, गौरी आणि रोहन असा संघ घ्या. आधी सई-मीरा निवडल्या आणि मग गौरी-रोहन घेतले, तर हा संघ मिळतो. आधी सई-गौरी आणि मग मीरा-रोहन घेतले, तरी हाच. आधी मीरा-गौरी आणि मग सई-रोहन, तरीही हाच. संघ एक, पण आपल्या मोजणीत तो तीनदा आला. चारही मुलींचा संघ तर सहा वेळा येतो, कारण त्या चौघींतल्या कोणत्याही दोघी ‘आधी निवडलेल्या’ असू शकतात. नेमक्या दोन मुली असलेले संघ मात्र एकदाच मोजले जातात.

म्हणून अशा प्रश्नात मुलींच्या संख्येनुसार वेगवेगळी मोजणी करावी लागते. नेमक्या २ मुली आणि २ मुलगे : ६ × १० = ६०. नेमक्या ३ मुली आणि १ मुलगा : ४ × ५ = २०. चारही मुली : १. एकूण ८१. कोणताही संघ यांतल्या एकाच प्रकारात बसतो, दोन प्रकारांत नाही. ताळा उलट्या बाजूने करता येतो. एकही मुलगी नसलेले संघ ५, एकच मुलगी असलेले ४ × १० = ४०. १२६ मधून हे ४५ वजा केले की ८१. आणि चुकीच्या उत्तराचाही हिशेब लागतो : ६० संघ एकदा, २० संघ तीनदा आणि १ संघ सहा वेळा, म्हणजे ६० + ६० + ६ = १२६.

इथे एक हुशार विद्यार्थी हमखास विचारतो : पुन्हापुन्हा मोजलं गेलं असेल, तर भागाकार करून ते काढून टाकता येत नाही का? मांडणीच्या प्रश्नांत आपण तसंच तर करतो. हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो, आणि त्यासाठी भास्कराचार्यांकडे जायला हवं.

१११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. ‘लीलावती’तलं अंकपाश हे प्रकरण अंकांच्या मांडण्यांचं आहे. त्यातल्या एका उदाहरणात २, २, १, १ हे अंक दिले आहेत आणि त्यांपासून किती संख्या होतात, त्यांची बेरीज किती, असं विचारलं आहे. चारही अंक वेगळे असते तर ४! म्हणजे २४ मांडण्या झाल्या असत्या. पण दोन २ची आपसात अदलाबदल केली तर संख्या बदलत नाही, दोन १ची केली तरी नाही. त्यामुळे प्रत्येक संख्या २ × २ = ४ वेळा मोजली जाते. २४ ÷ ४ = ६. त्या संख्या अशा : ११२२, १२१२, १२२१, २११२, २१२१, २२११. बेरीज ९९९९, कारण प्रत्येक स्थानी २ तीनदा आणि १ तीनदा येतो, म्हणजे दर रकान्यात ९.

इथे भागाकार चालला, कारण सहाच्या सहा संख्या सारख्याच वेळा, प्रत्येकी चारदा मोजल्या गेल्या होत्या. संघाच्या प्रश्नात कोणी एकदा, कोणी तीनदा तर कोणी सहा वेळा मोजलं गेलं. सगळ्यांना लागू पडेल असा एक भाजक तिथे नाहीच. म्हणून ‘भागायचं की नाही’ हे पाठ करून ठरत नाही. एखादं अंतिम उत्तर हातात घेऊन ते आपल्या पद्धतीने किती वाटांनी मिळतं ते मोजायचं, मग दुसरं, वेगळ्या घडणीचं उत्तर घेऊन तेच करायचं. दोन्हीकडे आकडा सारखा आला तर भागाकार, वेगळा आला तर प्रकार पाडायचे.

आता त्याच ९ जणांना एका रांगेत उभं करू. इथे मोजणीइतकंच वाचणंही महत्त्वाचं असतं. ‘कोणत्याही दोन मुली शेजारी नकोत’ आणि ‘सगळ्या मुली एकत्र नकोत’ ही वाक्यं घाईत सारखी वाटतात. पहिल्यासाठी आधी ५ मुलगे उभे करायचे : १२० प्रकार. त्यांच्यामधल्या चार आणि दोन टोकांच्या मिळून जागा होतात ६. टोकं विसरण्याची चूक फार होते. या ६ जागांत ४ मुली उभ्या करण्याचे प्रकार ६ × ५ × ४ × ३ = ३६०. उत्तर ४३,२००. दुसऱ्यासाठी सगळ्या मांडण्यांतून चौघी सलग असलेल्या वजा करायच्या. चौघींचा एक गट धरला की ६ घटक होतात, ६! × ४! = १७,२८०. एकूण ९! म्हणजे ३,६२,८८०. वजाबाकी ३,४५,६००. हे पहिल्या उत्तराच्या आठपट आहे.

शंका आली की आकडे लहान करून सगळ्या मांडण्या लिहून काढणं हा उत्तम ताळा आहे, पण आकडे फार लहान करू नयेत. २ मुली आणि २ मुलगे घेतले तर दोन्ही वाक्यांचं उत्तर १२च येतं, कारण मुली दोघीच असल्या की दोन्ही अटी एकच होतात, आणि चुकीचं वाचणाऱ्यालाही आपलं बरोबर वाटतं. ३ मुली आणि २ मुलगे घ्या. पहिल्या अटीला मुलगी-मुलगा-मुलगी-मुलगा-मुलगी हा एकच आकृतिबंध उरतो आणि १२ मांडण्या मिळतात, दुसरीला १२० − ३६ = ८४.