दोन तासांनंतरचा आकडा

समजा, सत्तरीच्या एक आजी आहेत. कुठे पडल्या नाहीत, काही लागलं नाही, तरी दंडावर आणि मांडीवर तळहाताएवढे काळेनिळे डाग उठलेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही, घराण्यात असा आजार नाही. डॉक्टर दोन तपासण्या लिहून देतात: पीटी आणि एपीटीटी.

दोन्हींसाठी रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यातलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. प्रयोगशाळेत पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढतात, त्यात कॅल्शियम परत घालतात आणि गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. फरक आहे तो सुरुवात कशी करून देतात यात. पीटीची वाट सातव्या घटकातून जाते. एपीटीटीची वाट बाराव्या, अकराव्या, नवव्या आणि आठव्या घटकातून जाते. दहाव्या घटकापाशी दोन्ही वाटा एक होतात.

आजींचा पीटी 12 सेकंद, म्हणजे ठीक. एपीटीटी मात्र 80. तो साधारण 25 ते 35 असायला हवा. याचा अर्थ सामाईक रस्ता मोकळा आहे, अडचण एपीटीटीच्या स्वतःच्या वाटेवर आहे.

पण तिथे घटक कमी पडतोय, की त्याला कुणी अडवतंय? हे कळायला आजींचा प्लाझ्मा आणि अनेक निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळतात. गोठण्यासाठी घटक निम्मा असला तरी भागतं. नुसती कमतरता असेल तर मिश्रणाचा वेळ ताळ्यावर येतो. अडवणारा असेल तर तो पाहुण्या घटकालाही निकामी करतो.

आजींचं ताजं मिश्रण 36 सेकंदांत गोठतं. इथेच ‘कमतरता आहे’ म्हणून मोकळं होणं धोक्याचं, कारण आठव्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडं सावकाश काम करतात. म्हणून मिश्रण 37 अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा मोजतात. आता 62! आठवा घटक उबेत आपोआपही थोडा झिजतो, म्हणून दोन्ही प्लाझ्मा तितकाच वेळ वेगवेगळे ठेवून शेवटी मिसळलेली आणखी एक नळी असते. ती 39 दाखवते. मधला फरक प्रतिपिंडांचा.

नमुन्यात हेपॅरिन मिसळलं असेल तर तेही अडवणाऱ्यासारखंच दिसतं. ते आधी वगळावं लागतं. ल्युपस अँटिकोॲग्युलंट मात्र बहुधा ताज्या मिश्रणातच वेळ लांबवतं, आणि त्यात धोका रक्तस्रावापेक्षा गुठळ्यांचा असतो.

पुढे आठवा घटक आणि प्रतिपिंडांचं प्रमाण मोजून निदान पक्कं होतं: उतारवयात जडलेला हिमोफिलिया. यात आठवा घटक नुसता टोचला तर बहुतेक वेळा वाया जातो. त्याला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधं लागतात आणि प्रतिपिंडं दाबायला स्टेरॉइड. 36 वर थांबलो असतो, तर आजींना चुकीचा उपचार मिळाला असता.