टॅक्सीचालकांचा मेंदू खरोखर वाढला का?

लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायचा परवाना हवा असेल तर चेअरिंग क्रॉसच्या आसपासच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ असावे लागतात. परीक्षक दोन ठिकाणं सांगतो आणि उमेदवाराने नकाशा न पाहता त्यांमधला जवळचा मार्ग वळणावळणासह तोंडी सांगायचा असतो. या तयारीला अनेकदा तीन-चार वर्षं जातात. २००० साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परवानाधारक टॅक्सीचालकांच्या मेंदूची एमआरआय चित्रं घेतली आणि त्यावरचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. रस्ते लक्षात ठेवल्याने मेंदू वाढतो, अशी त्याची बातमी जगभर झाली. आजही स्मरणशक्तीवरच्या कित्येक पुस्तकांत आणि व्याख्यानांत हा दाखला हमखास येतो.

मेंदूच्या चित्रांवरचा शोधनिबंध कसा वाचायचा, हे शिकायला मला हा निबंध सर्वांत योग्य वाटतो. तो चांगला आहे, म्हणूनच योग्य वाटतो. वाईट निबंधातल्या चुका कुणालाही दाखवता येतात. चांगल्या निबंधाने नेमकं काय सिद्ध केलं आणि कुठे हात आखडता घेतला, हे ओळखायला मात्र बारकाईने वाचावं लागतं.

सुरुवात शेवटच्या परिच्छेदापासून करू नये. निष्कर्ष आधी वाचला की पुढचे आकडे त्याच्या बाजूने बोलू लागतात. आधी ‘पद्धती’ हा कंटाळवाणा वाटणारा भाग उघडावा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: किती माणसं तपासली, त्यांची तुलना कुणाशी केली आणि प्रत्येकाचं चित्र किती वेळा घेतलं. या निबंधात टॅक्सीचालक १६ होते, सगळे पुरुष आणि सगळे उजव्या हाताचे. तुलनेसाठी टॅक्सी न चालवणारे ५० पुरुष होते. प्रत्येकाचं चित्र एकदाच घेतलं होतं. ही शेवटची नोंद अधोरेखित करून ठेवा. एकदाच काढलेल्या चित्रात ‘मोठं’ काय आहे ते दिसतं, ‘वाढलं’ काय ते दिसू शकत नाही. बातमीतलं मुख्य क्रियापद या मांडणीत बसतच नव्हतं.

मग मोजलं काय, ते पाहायचं. एमआरआय यंत्र पेशी मोजत नाही. चित्रातल्या छटांवरून संगणक मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग आणि द्रव वेगळे करतो. प्रत्येकाच्या मेंदूचा आकार निराळा असल्याने सगळी चित्रं एका प्रमाण साच्यावर बसवतो आणि मग बारीक बारीक ठिपक्यांगणिक दोन गटांची तुलना करतो. हे ठिपके लाखाच्या घरात असतात. शंभरात पाच वेळा योगायोगाने चूक होईल अशी सैल कसोटी लाखभर ठिपक्यांना लावली, तर काहीही नसताना सुमारे ५,००० ठिकाणी फरक ‘सापडेल’. म्हणून दोन प्रश्न विचारावे लागतात. इतक्या तुलनांसाठी कसोटी कडक केली होती का? आणि कुठे पाहायचं हे चित्रं काढण्याआधी ठरलं होतं का? मॅग्वायर यांचं लक्ष आधीपासून हिप्पोकॅम्पसवर होतं. मेंदूच्या आतल्या बाजूला असलेल्या या भागाचा जागेच्या स्मृतीशी संबंध प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलेला होता. शिवाय त्यांनी दुसऱ्या पद्धतीनेही मोजदाद केली. चित्र कुणाचं हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून हिप्पोकॅम्पसचं क्षेत्रफळ थरांगणिक मोजून घेतलं. दोन स्वतंत्र मार्ग एकाच ठिकाणी पोचतात तेव्हा माझा विश्वास वाढतो.

निकाल असा: टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा होता आणि पुढचा भाग लहान होता. संपूर्ण हिप्पोकॅम्पसच्या आकारात फरक नव्हता. त्याशिवाय एक सहसंबंध होता. टॅक्सी चालवण्याची वर्षं जितकी जास्त, तितका उजवीकडचा मागचा भाग मोठा. या सहसंबंधाचा आकडा होता ०.६.

इथे थोडं थांबायला हवं. सहसंबंधाचा आकडा उणे १ ते अधिक १ यांमध्ये असतो आणि शून्य म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही. ०.६ हा आकडा भक्कम वाटतो. पण तो सोळाच माणसांवरून आला असेल तर किती हलू शकतो? संख्याशास्त्रातल्या नेहमीच्या सूत्राने हिशेब केला, तर खरा सहसंबंध साधारण ०.१५ ते ०.८५ यांमध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे जेमतेम असण्यापासून जबरदस्त असण्यापर्यंत. हाच ०.६ शंभर माणसांत मिळाला असता तर हा पट्टा ०.४६ ते ०.७१ इतका आवळला असता. निबंधात एकच आकडा छापलेला असतो. वाचणाऱ्याने त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मनात काढायचा असतो, आणि लेखकांनी तो स्वतः दिला असेल तर आधी तिकडेच पाहायचं असतं.

लहान नमुन्याची दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि माझ्या मते तीच जास्त दिशाभूल करते. सोळा माणसांच्या अभ्यासात सहसंबंध साधारण ०.५ च्या वर गेला तरच तो ‘लक्षणीय’ या नेहमीच्या कसोटीला उतरतो. आता समजा, खरा संबंध फक्त ०.२ आहे. सोळा-सोळा माणसांचे असे अनेक अभ्यास केले तर दहांतला जेमतेम एक कसोटीला उतरेल. जो उतरेल त्यात आकडा ०.५ किंवा त्याहून मोठाच असेल, कारण त्याशिवाय तो उतरलाच नसता. बाकीचे नऊ बहुधा कपाटात राहतील. छापून आलेल्या एकाच अभ्यासावरून वाचणाऱ्याला वाटेल की संबंध दणकट आहे. म्हणजे लहान नमुन्यात खरी गोष्ट निसटते, एवढ्यावर भागत नाही. जी हाती लागते ती फुगलेली असते. २०२२ साली ‘नेचर’मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० लोकांची माहिती वापरून दाखवलं की सर्वसाधारण लोकांच्या मेंदूची रचना आणि त्यांची बुद्धी किंवा वागणूक यांतले सहसंबंध बहुतेक फार छोटे असतात आणि ते खात्रीने पकडायला हजारो माणसं लागतात. हा इशारा प्रत्येक प्रकारच्या अभ्यासाला सारखा लागू होत नाही. एकाच माणसात काळानुसार झालेला बदल मोजणारा अभ्यास कमी लोकांतही बरंच काही सांगू शकतो. पण वीस-पंचवीस जणांवरून ‘मेंदूच्या अमुक भागावरून स्वभाव कळतो’ असं सांगणारा निबंध दिसला, तर मी त्यातला सहसंबंध आधी निम्म्याहून कमी धरतो.

आता ०.६ खराच आहे असं मानू. त्याचा अर्थ काय? वर्षानुवर्षं टॅक्सी चालवल्याने मागचा भाग मोठा झाला, हा एक अर्थ. ज्यांचा तो भाग मुळातच मोठा होता तेच या धंद्यात टिकले आणि बाकीचे गळाले, हा दुसरा. दोन्ही शक्यतांत आकडे अगदी सारखेच दिसतील. तिसरी शक्यता वयाची. ज्याने जास्त वर्षं टॅक्सी चालवली तो साधारणपणे वयाने मोठा असतो आणि उतारवयात हिप्पोकॅम्पस आकसतो. म्हणून वयाचा परिणाम हिशेबातून वजा केला आहे का, हे शोधायचं. याशिवाय दिवसभर बसून राहणं, रहदारीचा ताण, गाडी चालवणं यांचाही वाटा असू शकतो.

या शंका संशोधकांनाही होत्या. २००६ साली मॅग्वायर यांच्याच गटाने टॅक्सीचालकांची तुलना लंडनच्या बसचालकांशी केली. गाडी दोघंही चालवतात, रहदारी आणि ताणही तेच. पण बसचा मार्ग ठरलेला असतो. मागच्या भागाचा फरक टॅक्सीचालकांतच दिसला, म्हणून ड्रायव्हिंग आणि ताण ही कारणं मागे पडली. कार्यकारण शोधायचा हाच रस्ता आहे: संशयित कारण सोडून बाकी सगळं सारखं असलेला गट निवडायचा.

तरीही ‘आधी कोण’ हा प्रश्न उरलाच. त्यासाठी कॅथरीन वुलेट आणि मॅग्वायर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा लागतो. परवान्याची तयारी नुकतीच सुरू करणारे ७९ उमेदवार आणि इतर ३१ जण यांची चित्रं सुरुवातीलाच घेतली. तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये फरक नव्हता. तीन-चार वर्षांनी उत्तीर्ण झालेले ३९ आणि परवाना न मिळालेले २० जण पुन्हा यंत्रात झोपले. मागच्या भागातली वाढ फक्त उत्तीर्णांत दिसली. ‘वाढ’ हा शब्द वापरायचा अधिकार या निबंधाला आहे, कारण आधीचं आणि नंतरचं चित्र त्याच माणसाचं आहे. तरी इथेही वाचताना दोन नोंदी कराव्यात. ७९ पैकी २० उमेदवार दुसऱ्या फेरीला नव्हते. आणि उत्तीर्ण झालेल्यांनी आठवड्याला जवळपास दुप्पट तास अभ्यास केला होता. कोण किती अभ्यास करेल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, ज्याने-त्याने स्वतः ठरवलं. मेंदू बदलला हे नक्की, पण कुणाचाही असाच बदलेल का, याचं उत्तर या अभ्यासातून मिळत नाही.

अतिदावा बहुतेक वेळा इथेच शिरतो. लंडनच्या सोळा टॅक्सीचालकांवरून ‘माणूस’ या सामान्यनामावर उडी मारली जाते. ज्यांना रस्ते चांगले आठवतात त्यांचा हिप्पोकॅम्पस मोठा असतो, हे वाक्य ऐकायला त्याच निबंधाचा सारांश वाटतं, पण तो वेगळाच दावा आहे आणि तो तपासला गेला आहे. २०१९ साली स्टीव्हन वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी ९० सामान्य तरुणांत असा संबंध शोधला, तो मिळाला नाही. २०२० साली खुद्द मॅग्वायर यांच्या प्रयोगशाळेने २१७ जणांत हिप्पोकॅम्पसचा आकार आणि स्मृती-दिशाज्ञानाच्या कामगिरीची सांगड घालून पाहिली. तिथेही म्हणण्यासारखा संबंध आढळला नाही. यामुळे टॅक्सीचालकांचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो वर्षानुवर्षांच्या टोकाच्या मेहनतीपुरता आहे, एवढंच त्यातून कळतं.

शेवटी निबंध आणि बातमी शेजारी ठेवून पाहावं की निकालाचा कुठला भाग वाटेत गळाला. इथे अर्धा गळाला. हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग टॅक्सीचालकांत लहान होता, हे मथळ्यांत आलं नाही. २००६ च्या अभ्यासात त्याच्या जोडीला आणखी एक निकाल आहे. एक गुंतागुंतीची आकृती दाखवून काही वेळाने ती आठवणीने काढायला सांगितली, तेव्हा टॅक्सीचालक बसचालकांपेक्षा मागे पडले. लंडनच्या खुणा त्यांना अधिक चांगल्या ओळखता येत होत्या, पण नवी दृश्य-माहिती लक्षात ठेवणं त्यांना जड गेलं.