शितं किती चाचपायची?

समजा, एका नव्या गावात रिक्षाचे किलोमीटरमागे किती पैसे घेतात हे तुम्हाला शोधायचं आहे. मीटरचा पत्ता नाही, सगळं तोंडी. हाताशी चार सफरींची नोंद आहे: १ किलोमीटरला २० रुपये, २ ला ३४, ३ ला ५७ आणि ४ ला ७०. (किमान भाड्याची भानगड तूर्त बाजूला ठेवू.) तुम्ही एका नजरेत म्हणाल, साधारण १८ रुपये. संगणकाला ही नजर नाही. तो काहीतरी अंदाज धरतो, कुठे किती चुकलं ते पाहतो आणि अंदाज थोडा सरकवतो. चित्रं ओळखणाऱ्या किंवा भाषांतर करणाऱ्या यंत्रणा शिकतात त्या याच रीतीने. तिथे एका आकड्याऐवजी लाखो, कोट्यवधी आकडे सरकवायचे असतात, एवढाच फरक.

आपल्या गड्याने सुरुवातीला १० रुपये धरले. पहिल्या सफरीत तो १० रुपयांनी कमी पडतो, दुसरीत १४, तिसरीत २७, चौथीत ३०. चूक गुणिले अंतर, म्हणजे त्या सफरीची ओढ. लांबच्या सफरीत दर जरासा बदलला तरी भाडं बरंच हलतं, म्हणून अंतराने गुणायचं. चार ओढी येतात १०, २८, ८१ आणि १२०. सगळ्यांची दिशा एकच: दर वाढव. सरासरी ५९.७५. तिचा विसावा भाग, म्हणजे जवळपास ३ रुपये, पुढे सरकायचं. अंदाज १३ वर आला. ओढीचा कितवा भाग सरकायचं या आकड्याला या धंद्यात ‘लर्निंग रेट’ म्हणतात आणि या साऱ्या पद्धतीला ‘ग्रेडियंट डिसेंट’.

पण एका पावलासाठी चारही सफरी तपासायची गरज होती का? नुसती चौथी पाहिली असती तरी अंदाज ६ रुपये वाढून १६ झाला असता, आणि तेही पाव मेहनतीत. नुसती पहिली पाहिली असती तर अर्धाच रुपया वाढला असता. पाऊल लहानमोठं पडलं, पण उलट्या दिशेला पडलं नाही. चिठ्ठी काढावी तशी एकच नोंद उचलून पाऊल टाकणं, हे ‘स्टोकॅस्टिक’ रूप.

आता अंदाज १८ वर पोचला असं धरा. चार ओढी पुन्हा काढल्या तर पहिली म्हणते २ ने वाढव, दुसरी म्हणते ४ ने घटव, तिसरी ९ ने वाढव, चौथी ८ ने घटव. चौघांची सरासरी जेमतेम पाव, म्हणजे खरं तर आता हलायचं कारणच उरलेलं नाही. पण एकेकाचं ऐकणारा गडी तिसऱ्या सफरीवरून १८.४५ वर जातो, तर चौथीवरून १७.६ वर येतो. तो मुक्कामी पोचलाय, पण बसत नाही. हाच तो गोंगाट. मला यातली मौज अशी वाटते, की दूर असताना जो गोंगाट फुकट चालून जातो, तोच जवळ आल्यावर सारा खेळ बिघडवतो.

हर्बर्ट रॉबिन्स आणि सटन मन्रो या दोघांनी १९५१ मध्येच यावरचा तोडगा गणिताने मांडला: पावलं लहान करत जा, पण इतकी झपाट्याने नको की मुक्कामाअलीकडेच बळ संपावं.

दुसरा तोडगा म्हणजे एका वेळी एकाऐवजी मूठभर नोंदी घ्यायच्या. ही ‘मिनीबॅच’. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाईसुद्धा एकच शीत चाचपत नाही. वरचं, मधलं, कडेचं अशी चारदोन बघते. मात्र पातेलं ढवळलेलं हवं. फोटोंच्या संग्रहात आधी सगळी कुत्री आणि मग सगळ्या मोटारी अशी रांग असेल, तर प्रत्येक मूठ एकाच बाजूला ओढेल. म्हणून दर फेरीआधी नोंदी पिसून घेतात.

मूठ केवढी, हा खरा प्रश्न. मूठ चौपट केली की मेहनत चौपट होते, गोंगाट मात्र निम्माच होतो, कारण तो वर्गमुळाच्या चालीने घटतो. ६४ ऐवजी २५६ नोंदी घेतल्या तर पाऊल दुप्पट नेमकं. पण तेवढ्याच मेहनतीत ६४ ची चार पावलं पडली असती. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर लहान मूठच जिंकते.

यंत्र हा हिशेब फिरवतं. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये हजारो छोटी गणनयंत्रं एकदम चालतात. त्याला एकच चित्र दिलं तर बहुतेक रिकामी बसतात, आणि ३२ चित्रांना एका चित्राहून फारसा जास्त वेळ लागत नाही. सगळी कामाला लागली की मात्र मूठ दुप्पट तर वेळही दुप्पट, आणि पुढे कधीतरी मेमरीच संपते.

याची ताणून परीक्षा २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी घेतली. इमेजनेटची सुमारे १२.८ लाख चित्रं आणि रेझनेट-५० हे जाळं. नेहमीची मूठ २५६ ची, लर्निंग रेट ०.१. ९० फेऱ्यांत अशी साडेचार लाख पावलं पडतात. त्यांनी २५६ प्रोसेसर जोडले आणि मूठ केली ८,१९२ ची. म्हणजे ३२ पट. पावलं उरली जेमतेम १४ हजार. मग प्रत्येक पाऊलही ३२ पट लांब हवं, म्हणून रेट ३.२. मूठ मोठी असल्याने पावलाची दिशा भरवशाची, तेव्हा लांब टाकायला हरकत नाही, असा तर्क.

तर्कात एक गोम होती. एक लांब पाऊल ३२ छोट्या पावलांची जागा तेव्हाच घेऊ शकतं, जेव्हा तेवढ्या अंतरात उतार फारसा बदलत नाही. सुरुवातीला तो भराभर बदलतो. पहिल्या पावलापासून ३.२ ने निघाल्यावर शेवटची चूक २३.६ टक्क्यांवरून २४.८ वर गेली. मग त्यांनी ०.१ ने निघून पहिल्या पाच फेऱ्यांत रेट हळूहळू चढवला. चूक २३.७४ वर आली, म्हणजे नेहमीच्या पद्धतीइतकीच, आणि सारं शिक्षण तासाभरात आटोपलं.

या प्रयोगात ३० व्या, ६० व्या आणि ८० व्या फेरीला रेट एकदम दहावा भाग केला जातो. चुकीचा आलेख बराच वेळ एका पट्ट्यात घुटमळत असतो, आणि त्या क्षणी कड्यावरून पडावा तसा खाली येतो. जाळ्याला तेव्हा नवं काही गवसलेलं नसतं. १८ च्या आजूबाजूला नाचणारा आपला गडी पाऊल आखडतो आणि खाली बसतो, एवढंच. तुमचं मॉडेल कधी असं घुटमळलं तर हाच उपाय आधी करून बघा. आलेख लगेच कोसळला तर अडथळा गोंगाटाचा होता. हललाच नाही तर मूठ आणि रेट सोडून दुसरीकडे शोधा. आणि आकडे थेट अनंताकडे उधळले, तर पाऊलच फार लांब पडतंय.

८,१९२ च्या पुढेही त्यांनी मूठ वाढवून पाहिली. १६ हजारांपासून चूक चढू लागली, आणि ६४ हजारांच्या मुठीला ती ३४ टक्क्यांच्या आसपास गेली.