आकड्यांची चित्रं : रुपया गेला कुठे?

केंद्रीय अर्थसंकल्प मांडला की दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक वर्तमानपत्रात एक गोल चित्र हमखास दिसतं. सरकारचा रुपया येतो कुठून आणि जातो कुठे, हे सांगणारं. अर्थमंत्रालयही आपल्या संक्षिप्त अंदाजपत्रकात तेच छापतं. खर्चाच्या गोलात नऊ तुकडे असतात. 2025-26च्या अंदाजानुसार करांतला राज्यांचा वाटा 22 पैसे, व्याज 20, केंद्रीय क्षेत्र योजना 16, अनुदानं 6, निवृत्तिवेतन 4. आणि वित्त आयोगाची व अन्य हस्तांतरणं, केंद्र पुरस्कृत योजना, संरक्षण आणि इतर खर्च हे चारही प्रत्येकी 8 पैसे.

आता या डोनटवरचे आकडे पुसून टाकले, तर काय उरतं? 22 पैशांचा तुकडा 79 अंशांचा आणि 20 पैशांचा 72 अंशांचा. दोन्ही शेजारी असले तरी मोठा कोणता, हे डोळा खात्रीने सांगू शकत नाही. त्यातच प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला वळलेला. हेच आडव्या स्तंभांत मांडलं, की 22चा स्तंभ 11 सेंटीमीटर आणि 20चा 10 सेंटीमीटर. दोघांची सुरुवात एकाच रेषेवर, त्यामुळे सेंटीमीटरभर फरक मुलालाही दिसतो. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी 1984मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं : समान रेषेवरची लांबी माणूस सर्वांत अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ वाचताना त्याची चूक वाढते.

म्हणून नऊ बाबी आणि ‘जास्त कुठे, कमी कुठे’ हा प्रश्न असेल, तर उतरत्या क्रमाने लावलेले स्तंभच हवेत. ‘इतर खर्च’ मात्र आकडा कितीही असो, शेवटीच ठेवावा, कारण ती बाब नसून गाठोडं आहे. एक्सेलमध्ये हे करताना यादी उलटी होते, पहिली ओळ तळाशी जाते. अक्षाच्या पर्यायांत `Categories in reverse order` निवडलं की सरळ होते.

क्रम लावायला बसलं की आणखी एक गोष्ट उघडी पडते. सगळे 8 पैसे सारखे नसतात. केंद्र पुरस्कृत योजनांची तरतूद सुमारे 5.42 लाख कोटी रुपये, संरक्षणाची 4.92 लाख कोटी. पूर्णांकात दोन्ही 8, पण मध्ये पन्नास हजार कोटींचं अंतर! पैशांचे आकडे छापायला ठीक, चित्र काढताना मूळ रकमा घ्याव्यात.

पूर्ण कशाचं, हेही तपासावं लागतं. एकूण खर्च 50.65 लाख कोटी आणि व्याज 12.76 लाख कोटी, म्हणजे पंचवीस टक्के. मग चित्रात 20 पैसेच का? कारण त्या गोलात राज्यांना जाणारे 14.22 लाख कोटीही धरलेले असतात आणि बेरीज 65 लाख कोटींच्या घरात जाते. दोन्ही आकडे खरेच, पण छेद वेगळा. डोनटच्या मधल्या पोकळ जागेचा खरा उपयोग हा : तिथे ती एकूण रक्कम लिहावी.

डोनट अगदीच टाकाऊ नाही. जमेच्या बाजूला कर्ज आणि इतर देणी 24 पैसे आहेत. ‘जवळपास पाव रुपया उसना’ एवढंच सांगायचं असेल, तर 24 आणि 76 अशा दोन तुकड्यांचा डोनट एका नजरेत ते सांगतो, कारण काटकोन सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला असतो.

ट्रीमॅपचं काम निराळं. बेन श्नायडरमन यांनी तो 1990मध्ये मेरीलँड विद्यापीठात शोधला. चौदा जण मिळून वापरत असलेली 80 मेगाबाइटची डिस्क कुणी भरली, हे त्यांना पाहायचं होतं. फोल्डरच्या पोटात फोल्डर, तसा मंत्रालयाच्या पोटात खर्च. संरक्षण मंत्रालयाचा आयत 6.81 लाख कोटींचा. त्यात 3.12 महसुली, 1.80 भांडवली, 1.61 निवृत्तिवेतन, उरलेला नागरी खर्च. गोलातलं संरक्षण 8 पैसेच का, तेही इथे कळतं : त्यात पहिले दोनच आयत होते. शंभराच्या आसपास अनुदान मागण्या अशा रीतीने एका पानावर मावतात, स्तंभांना चार पानं लागली असती.

मात्र लांबुळका आयत आणि चौरस यांची तुलना फसवी असते. 22 आणि 20चे दोन नेटके चौरस काढले, तरी बाजूंत जेमतेम पाच टक्के फरक पडतो. शिवाय वसुली वजा जाऊन एखादी निव्वळ रक्कम ऋण झाली, तर तिचा आयत काढताच येत नाही. स्तंभ शून्याच्या डावीकडे जाऊ शकतो.

एका वर्षाचं हे झालं. व्याज 2024-25मध्ये 19 पैसे होतं, पुढच्या वर्षी 20. ही वाढ दाखवायला दोन डोनट शेजारी ठेवण्याची चाल फार रूढ आहे. तिच्याऐवजी काय वापरावं, ते पुढच्या भागात.