ग्रंथ पानातून मोकळा करताना

लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ 1915 साली मराठीत आला आणि थोड्याच काळात माधवराव सप्रे यांनी तो हिंदीत नेला. सप्रे मराठीभाषक, पण 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढून छत्तीसगडातल्या हिंदी पत्रकारितेचा पाया त्यांनीच घातला. 1926 साली रायपूरला त्यांचं निधन झालं. टिळक त्याआधी, 1920 मध्येच गेले होते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे मूळ ग्रंथ आणि सप्र्यांचा अनुवाद दोन्ही आज सर्वांचे आहेत. जुन्या प्रतींची स्कॅन केलेली पीडीएफ मिळते. मात्र ती सहा इंची ई-रीडरवर उघडली, तर अख्खं पान दिसतं पण अक्षर लागत नाही. अक्षर मोठं करावं, तर प्रत्येक ओळ पडद्याबाहेर जाते.

पीडीएफची घडणच तशी आहे. 1993 साली अडोबीने ती आणली ती छापलेलं पान कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसावं म्हणून. अमुक आकृती पानावर अमुक ठिकाणी ठेवायची, एवढंच त्या फाइलीत लिहिलेलं असतं. परिच्छेद कुठे सुरू झाला, तळटीप कुठल्या वाक्याची, हे तिला सहसा ठाऊक नसतं. ईपब याच्या उलट. ती आतून एक झिप फाइल असते. तिच्यात वेबपानासारख्या खुणा केलेला मजकूर असतो: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही टीप. ओळ कुठे मोडायची ते वाचनयंत्र पडद्याच्या रुंदीप्रमाणे ठरवतं. म्हणून पीडीएफची ईपब करायची म्हणजे पानावर केवळ डोळ्यांना दिसणारी रचना पुन्हा शब्दांत नोंदवायची.

सुरुवात हातातली पीडीएफ कुठल्या जातीची आहे हे ओळखण्यापासून करावी. एक ओळ निवडून साध्या मजकुराच्या फाइलीत चिकटवून पाहिली की उत्तर मिळतं. ओळ निवडताच येत नसेल, तर पान म्हणजे निव्वळ चित्र आहे. `jk;iqj` असं काही उमटलं, तर फाइल कृतिदेव फाँटमधली आहे. हिंदी छापखान्यांत हा फाँट वर्षानुवर्षं चालला आहे आणि ती रोमन अक्षरं म्हणजे त्यातलं ‘रायपुर’. अशा मजकुराला आधी युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक लागतो. देवनागरीच उमटली, तरी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी पडलेली नाही ना, रफार भलत्या अक्षरावर गेलेला नाही ना, हे पाहावं. पीडीएफ अनेकदा आकृत्यांचा दिसण्यातला क्रम ठेवते, उच्चाराचा नाही.

सप्र्यांच्या ग्रंथाचं स्कॅन पहिल्या जातीचं. त्यातून अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम ते काम करतो. हिंदी मजकुरात संस्कृत श्लोक असल्याने त्याला दोन्ही भाषा सांगाव्या लागतात:

```
pdftoppm -r 300 -gray -png grantha.pdf pan
tesseract pan-045.png pan-045 -l hin+san
```

पहिली आज्ञा प्रत्येक पानाचं इंचाला 300 ठिपक्यांचं चित्र करते, दुसरी त्यातल्या एका पानाचा मजकूर काढते. मराठी पुस्तक असेल तर `hin` च्या जागी `mar`.

आता असं एक पान डोळ्यांसमोर आणू. माथ्यावर प्रकरणाचं नाव आणि पृष्ठांक, मग मजकूर, मध्ये श्लोक, तळाला बारीक टाइपात टीप. टेसरॅक्ट हे सगळं वरून खाली एकाच दमात लिहून काढतो. तसंच ठेवलं, तर ई-रीडरवर वाक्याच्या मधोमध पृष्ठांक येतो आणि टीप पुढच्या पानाच्या मजकुरात मिसळते. म्हणून माथ्याची ओळ काढायची, प्रकरणाचं नाव त्याच्या आरंभी एकदाच ठेवायचं, टीप उचलून तिच्या वाक्याला जोडायची आणि श्लोकाच्या ओळी राखायच्या. पॅनडॉक या प्रोग्रॅमसाठी ते असं लिहितात:

```
# प्रकरण का नाम

यहाँ मूल वाक्य है।[^45]

| श्लोक का पहला चरण ।
| श्लोक का दूसरा चरण ॥

[^45]: यहाँ पन्ने के नीचे की टीप।
```

पॅनडॉकचा मोठा उपयोग असा की रिकामी ओळ सोडली नसेल, तर तो पुढची ओळ त्याच परिच्छेदात घेतो. छापील ओळी आपोआप जुळतात. कॅलिबर हा लोकप्रिय प्रोग्रॅम पीडीएफची थेट ईपब करतो खरा, पण तुटलेल्या ओळी जोडायचे त्याचे आडाखे मुख्यतः रोमन अक्षरं धरून बांधलेले आहेत आणि स्कॅनमधलं अक्षर तो वाचत नाही. हाताने जोडायला उरते ती पानाची वेस. पानाचा शेवट दंडाने झाला नसेल, तर वाक्य पुढे चालू आहे असं समजून दोन्ही पानं जोडावीत. दंड असेल, तर नवा परिच्छेद आहे की नाही हे पुढच्या पानाची पहिली ओळ आत सरकलेली आहे का, त्यावरून कळतं. ओळीच्या शेवटी मोडलेला शब्द जोडताना ‘सुख-दुःख’सारख्या शब्दातली खरी संयोगरेषा पुसली जाणार नाही, हेही पाहावं लागतं.

यानंतर मुद्रितशोधन. सर्वाधिक वेळ इथेच जातो. काही चुका यंत्राला सापडतात. देवनागरीत कुठलाही शब्द काना, मात्रा किंवा वेलांटीने सुरू होत नाही, म्हणून हा नमुना शोधला की तसे मोडलेले शब्द एका फटक्यात समोर येतात:

```
(^|\s)[\u093E-\u094D]
```

खरा धोका शब्दकोशालाही पटणाऱ्या चुकांचा आहे. रफार पुसट छापलेला असला, की ‘कर्म’चा ‘कम’ होतो. हिंदीत ‘कम’ म्हणजे थोडा, तेव्हा शुद्धलेखन तपासणी गप्प बसते. कर्मयोगावरच्या ग्रंथात असा शब्द निसटला, तर वाक्याचा अर्थच जातो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘व’ आणि ‘ब’ या जोड्याही अशाच फसवतात. यावर उपाय एकच: एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवून ओळीने वाचणं. श्लोक तर गीतेच्या छापील प्रतीशी ताडूनच घ्यावेत.

शुद्ध मजकूर `grantha.md` या फाइलीत आला की उरलेलं काम एका आज्ञेचं:

```
pandoc grantha.md -o grantha.epub --toc --metadata title="गीतारहस्य" --metadata lang=hi
```

शीर्षकांवरून अनुक्रमणिका तयार होते, टीप बोटाच्या स्पर्शाने उघडते. `epubcheck` चालवून फाइल नियमात बसते का ते पाहावं आणि मग ती खऱ्या यंत्रावर उघडावी. जोडाक्षरं सुटी दिसली, तर आधी फाँट बदलून पाहावा. काही जुन्या यंत्रांना देवनागरीची जुळणीच येत नाही. तिथे फाँट बदलूनही उपयोग होत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट हरवते: छापील पृष्ठांक. अभ्यासक संदर्भ देतात तो पानाचा. ईपबमध्ये मूळ पानांच्या खुणा ठेवता येतात. मजकूर साफ करतानाच त्या घालाव्यात, नंतर ते काम फार किचकट होतं.

तुमच्या घरी, मंडळाच्या कपाटात किंवा संगणकात हक्कमुक्त जुन्या पुस्तकाचं स्कॅन असेल, तर एका प्रकरणापासून सुरुवात करा. तयार ईपबच्या पहिल्या पानावर कोणत्या आवृत्तीवरून, कोणत्या वर्षीच्या प्रतीवरून ती केली आणि मुद्रितशोधन किती पानांचं झालं, हे स्पष्ट लिहा. मूळ पीडीएफ मात्र जपून ठेवा. शंका आली की शेवटचा पुरावा तीच आहे.