उधारीआधीची चौकशी

अनोळखी कंपनीला उधारीवर माल देण्याआधी विकणारा तिच्याकडे दोन गोष्टी मागतो. सध्या ज्यांच्याकडून ती उधारीने माल घेते अशा दोन-तीन पुरवठादारांची नावे ही एक, आणि तिच्या बँक खात्याचा तपशील ही दुसरी. पुरवठादारांच्या नावांना बाजारात नुसते ‘रेफरन्स’ म्हणतात. हे कागद हाती आले की फायलीला लावायचे आणि माल रवाना करायचा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. पण ही नावे खरेदीदारानेच निवडून दिलेली असतात. ज्याचे पैसे थकवले आहेत त्याचे नाव कोणी आपणहून देत नाही. म्हणून मिळालेली माहिती पडताळून पाहिली तरच तिला काही किंमत राहते.

पडताळणीला किती वेळ द्यायचा हे ठरवण्यासाठी उधारीची खरी रक्कम आधी काढावी लागते. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या फौंड्रीला गुजरातमधल्या पंप बनवणाऱ्या एका नव्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने विचारणा केली. महिन्याला ३ लाख रुपयांची कास्टिंग्ज हवीत, पैसे ६० दिवसांनी. ऐकायला ही ३ लाखांची उधारी वाटते. प्रत्यक्षात पहिल्या बिलाची मुदत भरेपर्यंत दोन महिन्यांचा माल गेलेला असतो. त्याचे ६ लाख आणि १८ टक्के जीएसटी धरून ७.०८ लाख रुपये बाहेर अडकतात, आणि तिसऱ्या महिन्याचा माल तोवर फौंड्रीत तयार होत असतो. पहिल्या महिन्याच्या विक्रीवरचा ५४,००० रुपये जीएसटी सहसा पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत हिशेबात चुकता करावा लागतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो, आणि पैसे बुडाले तरी तो परत मिळत नाही. फौंड्रीला विक्रीवर ८ टक्के नफा सुटतो असे धरले, तर ही उधारी बुडाल्यावर खिशातून गेलेली रक्कम सुमारे ६.६० लाख होते. ती भरून काढायला दुसऱ्या गिऱ्हाइकांना साडेब्याऐंशी लाखांचा माल विकावा लागेल.

मुदतीबाबत कायद्याचीही एक मर्यादा आहे. फौंड्रीची ‘उद्यम’ नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून झालेली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाचा हक्कही मिळतो. तेव्हा ६० दिवसांची मागणी आली की बोलणी ४५ पासूनच सुरू करणे योग्य. पण ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याच्याकडून हा कायदा पैसे काढून देऊ शकत नाही. चौकशी त्यामुळे टळत नाही.

माहिती मागताना संकोच होतो, कारण ऑर्डर हातची जाईल अशी धास्ती असते. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दिला जाणारा छापील अर्ज ठेवला की हा संकोच बराच कमी होतो. त्यात कंपनीचे पूर्ण नाव, जीएसटी क्रमांक, कारखान्याचा पत्ता, संचालकांची नावे, तीन पुरवठादार, बँक व शाखा, खात्याचा प्रकार आणि क्रमांक एवढे पुरते. पुरवठादार कोणते हवेत हे मात्र अर्जातच स्पष्ट लिहावे: तशाच प्रकारचा माल आणि साधारण तेवढ्याच रकमेची उधारी देणारे. ही अट नसेल तर कुरियरवाला, स्टेशनरीवाला, नाहीतर महिन्याला १०-१५ हजारांचे बिल करणारा पॅकिंगवाला पुढे केला जातो. त्यांचे पैसे वेळेवर देणे कोणत्याही कंपनीला जड जात नाही.

फोन करण्याआधी जे सर्वांना खुले आहे ते पाहून घ्यावे. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, धंद्याचा प्रकार, मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे दिसते. क्रमांकातले पहिले दोन अंक राज्य सांगतात (महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४) आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. तिथेच कोणते विवरणपत्र कोणत्या तारखेला भरले त्याचा तक्ताही उघडतो, आणि उधारी देणाऱ्याच्या दृष्टीने तो सगळ्यात बोलका आहे. जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र कर चुकता केल्याशिवाय दाखल होत नाही. ते महिन्यामागून महिने उशिरा भरले जात असेल तर बहुतेक वेळा रोख रकमेची ओढाताण चालू असते. लहान कंपन्या ते तीन महिन्यांनी भरतात, एवढे ध्यानात ठेवून तक्ता वाचावा. खरेदीदार प्रायव्हेट लिमिटेड असेल तर केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्थापनेची तारीख, संचालक आणि कंपनीच्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे, हेही सापडते. मालकी हक्काच्या पेढीबाबत ही सोय नाही.

शिरोलीच्या उदाहरणात असे दिसले असे समजू: कंपनीची नोंदणी १४ महिन्यांपूर्वीची आहे. आधीची विवरणपत्रे वेळच्या वेळी भरली आहेत, पण गेल्या चार महिन्यांची प्रत्येकी २०-२५ दिवस उशिरा. एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. मात्र चार महिन्यांपूर्वी काय झाले, हा प्रश्न हातात घेऊन रेफरन्सना फोन करता येतो.

फोन करताना खरेदीदाराने दिलेला मोबाइल क्रमांक वापरू नये. त्या पुरवठादाराच्या छापील बिलावरून, संकेतस्थळावरून किंवा तिथल्या औद्योगिक संघटनेकडून क्रमांक मिळवावा, कारण दिलेला क्रमांक मेहुण्याचा किंवा भागीदाराचाही असू शकतो. ‘पार्टी कशी आहे?’ असे विचारले तर ‘चांगली आहे’ एवढेच उत्तर येते. त्यातून काही कळत नाही. प्रश्न आकड्यांत उत्तर द्यावे लागेल असे हवेत: व्यवहार किती दिवसांचा आहे, मुदत किती ठरली होती, पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी येतात, एका वेळी जास्तीत जास्त किती बाकी राहिली, चेक कधी परत आला का, आणि शेवटचे बिल कधी झाले. यातला शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. पुरवठा थांबलेला असेल तर तो याच प्रश्नाने उघडा पडतो. जाता जाता ‘त्यांना हा माल आणखी कोण देते?’ हेही विचारावे. अशा रीतीने मिळालेले नाव खरेदीदाराने निवडलेले नसते, म्हणून दिलेल्या तिन्ही नावांपेक्षा ते मोलाचे ठरते.

आपल्या उदाहरणात पहिला रेफरन्स पॅकिंगच्या खोक्यांचा निघतो. पैसे १५ दिवसांत येतात, पण बाकी कधीच ४० हजारांवर गेलेली नाही. दुसऱ्याचा जीएसटीवरचा पत्ता खरेदीदाराच्याच इमारतीतला आहे आणि एक संचालकही दोन्हीकडे तोच आहे. हे नाव बाजूला ठेवावे लागते. तिसरे नाव पॅकिंगवाल्याने सहज सांगितलेले: राजकोटमधली एक फौंड्री. तिचा अनुभव असा की मुदत ४५ दिवसांची होती, सुरुवातीला पैसे ५० दिवसांत येत, मग ७० आणि ७५ दिवस होऊ लागले. तिचे शेवटचे बिल चार महिन्यांपूर्वीचे आहे. राजकोट हे स्वतःच फौंड्र्यांचे मोठे केंद्र. गुजरातमधला पंपवाला जवळची भट्टी सोडून, वाहतुकीचा खर्च सोसून कोल्हापूरपर्यंत का येतो, याचे एक उत्तर इथे मिळते. कोल्हापूरच्या मालाचा दर्जा हेही कारण असू शकते, पण ते खरेदीदाराला विचारून त्याच्या तोंडून ऐकायला हवे.

बँकेच्या तपशिलाचे काम वेगळे आहे. रद्द केलेल्या चेकवरून त्या नावाचे खाते आहे एवढेच कळते. खात्यात काय आहे ते कळत नाही. विकणारा सरळ खरेदीदाराच्या बँकेत गेला तर बँक काही सांगणार नाही, कारण ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हे तिचे कर्तव्य आहे. इंग्लंडमधल्या १९२४ च्या टुर्निए खटल्यात हे तत्त्व आणि त्याचे अपवाद मांडले गेले, आणि भारतातही बँकिंगच्या अभ्यासात तोच खटला आधार म्हणून सांगितला जातो. ग्राहकाची संमती हा त्या अपवादांपैकी एक. म्हणून बँकेने अभिप्राय द्यावा असे संमतिपत्र खरेदीदाराकडून घ्यायचे आणि आपल्या बँकेमार्फत त्याच्या बँकेकडे विचारणा करायची. ‘पार्टी चांगली आहे का’ असे मोघम न लिहिता ‘४५ दिवसांच्या मुदतीने ५ लाखांच्या उधारीस ही पार्टी योग्य आहे का’ असे लिहावे. उत्तर थोडक्यात आणि जबाबदारी झटकणारे असते, तरी रकमेविषयी बँक काय म्हणते आणि काय टाळते ते वाचता येते. ‘खाते आमच्याकडे आहे, व्यवहार समाधानकारक, रकमेबाबत मत देता येत नाही’ हे सावध उत्तर आहे, शिफारस नव्हे. शिवाय त्या बँकेला खरेदीदाराची बाजारातली देणी माहीत नसतात.

बोजाची नोंद एका बँकेची आणि अर्जात खाते दुसऱ्याच बँकेतले, असे आढळले तर कारण विचारावे. पहिले पैसे कोणत्या खात्यातून आले हेही तपासावे. ते तिसऱ्याच नावाच्या खात्यातून आले तर पुढचा माल थांबवून खुलासा मागणे भाग आहे.

एवढे कळल्यावर आपल्या फौंड्रीला ऑर्डर नाकारायचे कारण नाही, पण ७.०८ लाख अडकवायचेही नाही. महिन्याचा माल दोन खेपांत पाठवावा. प्रत्येक खेप जीएसटीसह १.७७ लाखांची, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले ८८,५०० रुपये ३० दिवसांत. अशाने दोन खेपांची मिळून बाकी १.७७ लाखांपलीकडे जात नाही, म्हणजे मूळ मागणीच्या एक चतुर्थांश. ही मर्यादा रुपयांत लिहून ठेवावी आणि ती बिल करणाऱ्या माणसाला माहीत असावी. नुसते दिवस ठरवले की ऑर्डर वाढेल तशी बाकीही गुपचूप वाढते.

ठरवून फसवणारे लोक नेमका याच फटीचा फायदा घेतात. पहिली तीन-चार लहान बिले ते मुदतीच्या आधीच चुकवतात आणि अशा खुश झालेल्या विक्रेत्यांची नावे पुढे स्वतःच रेफरन्स म्हणून देतात. मग एकदम तिप्पट-चौपट माल मागतात, बहुधा अनेकांकडून एकाच वेळी, घाईने, आणि कित्येकदा नव्याच गोदामाच्या पत्त्यावर. माल मिळेल त्या भावाने विकून कार्यालयाला कुलूप लागते. वेळेवर आलेली छोटी बिले ही म्हणूनच मोठ्या उधारीची हमी होत नाही. मर्यादा वाढवायची तर विवरणपत्रांचा तक्ता पुन्हा पाहावा आणि नव्या नावांना पुन्हा फोन करावेत.

मुदतीचा चेक घेतला असेल तर तो अर्जात दिलेल्या खात्याचाच आहे आणि सही अधिकृत व्यक्तीची आहे, हे घेतानाच पाहावे. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ नुसार बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर खरेदीदाराला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. ही नोटीस कोणत्या नावाने आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायची, ते पहिल्या दिवशी भरून घेतलेल्या अर्जावरूनच ठरते.